फंड आणि ईएसआय: चलन भरलं, पण पगारपत्रकाशी जुळलं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिककडच्या सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांत मी बरीच वर्षं भविष्य निर्वाह निधी आणि कामगार विम्याचे हिशेब तपासतो. तिथले मालक, पगार काढणारे क्लार्क आणि कधीकधी कामगारही जे प्रश्न विचारतात, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे घेतले आहेत. समजायला सोपं जावं म्हणून उदाहरण एकच ठेवलं आहे: अंबडमधलं सुटे भाग बनवणारं एक वर्कशॉप, पगारपत्रकावर 48 माणसं, पगाराचा महिना सप्टेंबर 2024. ओळख पटू नये म्हणून आकडे थोडे गोल केले आहेत. चूक मात्र जशी सापडली तशीच सांगितली आहे.

बारा महिन्यांची बारा चलनं फाईलला आहेत. अजून काय तपासायचं?

चलन एवढंच सांगतं की अमुक तारखेला अमुक रक्कम भरली. भरायला किती हवी होती, ते चलनावर नसतं. ते पगारपत्रकात असतं. त्यामुळे तपासणी पगारपत्रकापासून सुरू होते आणि चलन शेवटी येतं. मधला दुवा म्हणजे ईसीआर, म्हणजे दर महिन्याला पोर्टलवर चढवली जाणारी नावनिशीवार यादी. चलनाची रक्कम या यादीवरून तयार होते. यादीत एखादं नावच नसेल, तर चलन यादीशी अगदी रुपयाला रुपया जुळेल आणि तरीही त्या माणसाचा फंड भरलेला नसेल.

वर्कशॉपच्या सप्टेंबरच्या पगारपत्रकात फंडासाठी धरलेलं वेतन 6,24,000 रुपये होतं. त्यावर 12 टक्के दराने कामगारांच्या पगारातून 74,880 रुपये कापले होते. ईसीआरमध्ये फंडाचं वेतन होतं 5,98,000 आणि कामगारांचा हिस्सा 71,760. चलनावर कामगारांचे 71,760, मालकाचे तेवढेच, ठेव संलग्न विम्याचे 2,990 आणि प्रशासकीय शुल्काचे 2,990, असे एकूण 1,49,500 रुपये होते. बँकेतून गेलेही तेवढेच. चलन, यादी आणि बँक तिन्ही जुळले. पगारपत्रकाशी मात्र कामगारांच्या हिश्श्यातच 3,120 रुपयांचा फरक निघाला.

हा फरक कुठून आला, ते कसं शोधलं?

3,120 ला 12 टक्क्यांनी भागलं की 26,000 येतात. म्हणजे तेवढं वेतन यादीत आलेलंच नाही. मग नावं मोजली. पगारपत्रकात 48, ईसीआरमध्ये 46. सप्टेंबरमध्ये नवीन लागलेली दोन मुलं, दोघांचं फंडाचं वेतन तेरा-तेरा हजार. एकाचं नाव आधारवर एका तऱ्हेने आणि अर्जात दुसऱ्या तऱ्हेने लिहिलेलं. दुसऱ्याच्या आधारवर फक्त जन्मवर्ष होतं. त्यामुळे यूएएन, म्हणजे सभासदाचा फंडाचा क्रमांक, निघाला नाही, आणि यूएएन नसला की ईसीआरमध्ये ओळ घालता येत नाही. क्लार्कने दोघांना "पुढच्या महिन्यात बघू" म्हणून बाजूला ठेवलं. पण पगारपत्रकाच्या सॉफ्टवेअरला हे ठाऊक नव्हतं. त्याने दोघांचे 1,560-1,560 रुपये कापून टाकले.

पुढच्या महिन्यातही तेच झालं, त्याच्या पुढच्यातही. पैसे कंपनीच्या खात्यात राहिले. मुलांच्या पगारपावतीवर मात्र दर महिन्याला फंड कापल्याचं छापून येत होतं.

आमच्या खतावणीत फंड देण्याचं खातं दर महिन्याला शून्य होतं. म्हणजे बाकी काही नाही ना?

इथे बहुतेक जण फसतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. खातं शून्य होतं ते नोंद कशी टाकली जाते यावर अवलंबून असतं. पगाराची नोंद पगारपत्रकावरून टाकली असेल, तर फंड देण्याच्या खात्यात 74,880 जमा पडतील, चलनाचे 71,760 नावे पडतील आणि 3,120 शिल्लक दिसतील. ही शिल्लक म्हणजे धोक्याची घंटा.

पण लहान कारखान्यांत नोंद बऱ्याचदा उलट बाजूने टाकलेली असते. चलन आलं की जेवढं भरलं तेवढंच देणं दाखवायचं आणि लगेच फेडायचं. मग खातं कायमच शून्य असतं. वर्कशॉपमध्ये हेच होतं. हातात दिलेला पगार बँकेतून गेला, फंड चलनाप्रमाणे गेला आणि कापलेले पण न भरलेले 3,120 रुपये कुठेच दिसले नाहीत. वर्षाचा पगारखर्च पगारपत्रकांच्या बेरजेपेक्षा थोडा कमी पडत होता, एवढीच काय ती खूण होती. म्हणून मी खतावणी आधी उघडत नाही. बारा महिन्यांच्या पगारपत्रकांतल्या कपातीची बेरीज आधी मांडतो, शेजारी ईसीआरची बेरीज आणि त्याच्या शेजारी बँकेतून गेलेली रक्कम. पगारखर्चाचा मेळ त्यानंतर.

नावनिशी जुळवायला किती वेळ लागतो? शेकडो कामगार असतील तर?

माणसं 48 असोत की 800, जुळवणी सगळ्यांचीच करायची. नमुना काढायची गरज नाही, कारण हे काम एक्सेल करतं. पोर्टलवर चढवलेली ईसीआरची मूळ फाईल मागून घ्या. ती साधी मजकुराची फाईल असते आणि तिच्यात एका माणसाची एक ओळ असते:

```
101XXXXXXXXX#~#NAME#~#18200#~#14000#~#14000#~#14000#~#1680#~#1166#~#514#~#0#~#0
```

क्रमाने वाचा: यूएएन, नाव, एकूण वेतन, फंडाचं वेतन, पेन्शनचं वेतन, विम्याचं वेतन, कामगाराचा हिस्सा, पेन्शनला गेलेली रक्कम, मालकाच्या हिश्श्यातून फंडात उरलेली रक्कम, बिनपगारी दिवस आणि परत केलेली उचल. या माणसाचं फंडाचं वेतन 14,000. त्याचे 12 टक्के म्हणजे 1,680. मालकाचेही 1,680, त्यातले वेतनाच्या 8.33 टक्के म्हणजे 1,166 पेन्शनकडे आणि 514 फंडात.

ईसीआर एका पानावर आणि पगारपत्रक दुसऱ्या पानावर ठेवून यूएएनवरून रक्कम ओढायची. पगारपत्रकाच्या पानात पहिल्या रकान्यात यूएएन आणि एफ रकान्यात कपात असेल, तर:

```
=SUMIFS(ECR!G:G,ECR!A:A,A2)-F2
```

उत्तर शून्य आलं नाही ती ओळ बघायची. इथे मी मुद्दाम VLOOKUP वापरत नाही. एकाच महिन्याची मुख्य आणि पुरवणी अशा दोन याद्या असतील, तर तो पहिलीच ओळ उचलतो. शिवाय एका पानात यूएएन मजकूर म्हणून आणि दुसऱ्यात आकडा म्हणून साठवलेला असला, तर त्याला तो सापडतच नाही.

हेच उलटंही करायचं: ईसीआरमधला प्रत्येक यूएएन पगारपत्रकात आहे का? यादीत नाव आहे आणि पगारपत्रकात नाही, असा माणूस निघाला तर तो बहुधा काम सोडून गेलेला असतो आणि त्याची सोडल्याची तारीख पोर्टलवर टाकायची राहून गेलेली असते. कधीकधी तो कारखान्यात कधी आलेलाच नसतो. मग हजेरी बघावी लागते.

पगारपत्रकात आहे पण ईसीआरमध्ये नाही, अशी प्रत्येक ओळ चूकच असते का?

नाही. जो पहिल्यांदाच नोकरीला लागला, आधी फंडाचा सभासद नव्हता आणि रुजू होतानाच ज्याचं फंडाचं वेतन 15,000 च्या वर होतं, त्याला वगळता येतं. पण त्याची सही असलेलं घोषणापत्र, म्हणजे फॉर्म 11, फाईलला हवं. शिकाऊ उमेदवार कायद्याखाली नोंदलेला शिकाऊही वगळला जातो, त्याचा नोंदणीकृत करार बघायचा. "ट्रेनी आहे", "तो स्वतःच नको म्हणाला", "अजून कायम झाला नाही" ही कारणं चालत नाहीत. आणि वगळलेल्या माणसाच्या पगारातून फंड कापलेला असेल, तर मुळात वगळण्याचा मुद्दाच उरत नाही. आमच्या उदाहरणातली दोन्ही मुलं पहिल्या दिवसापासून सभासद व्हायला हवी होती.

बेरीज जुळली, नावंही जुळली. तरी चूक राहू शकते?

राहू शकते. आणि ही चूक सापडायला सगळ्यात अवघड असते. त्याच वर्कशॉपमध्ये सारख्या नावाचे दोन कामगार होते. एक मार्चमध्ये सोडून गेला, दुसरा जूनमध्ये लागला. क्लार्कने जुन्या फाईलमधली ओळ उचलली, नाव तेच म्हणून यूएएनही तोच राहिला. नव्याचा फंड चार महिने जुन्याच्या खात्यात जात होता. बेरीज बरोबर, माणसांची संख्या बरोबर, आणि पगारपत्रकातही तोच चुकीचा यूएएन असल्यामुळे वरचं सूत्रही शून्यच दाखवत होतं.

ते कळलं ते छापील ईसीआरवरून. पोर्टलवरून उतरवलेल्या त्या कागदावर नावाचे दोन रकाने असतात. एकात तुम्ही यादीत लिहिलेलं नाव, दुसऱ्यात `UAN Repository` मधलं, म्हणजे त्या यूएएनवर मुळात नोंदलेलं नाव. पहिलं नाव आणि आडनाव सारखंच होतं, वडिलांचं नाव वेगळं होतं. दोन रकान्यांमधला हा एका शब्दाचा फरक डोळ्यांनीच वाचावा लागतो. म्हणून वर्षातून एका महिन्याचा छापील ईसीआर मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट ठेवून वाचतो आणि नवीन लागलेल्यांचे यूएएन त्यांच्या आधारच्या नावाशी ताडून बघतो.

दुसरा साधा उपाय म्हणजे पाच-सहा कामगारांना बोलावून त्यांच्याच मोबाईलवर त्यांचं पासबुक उघडायला सांगायचं. जूनमध्ये लागलेला तो कामगार माझ्यासमोर बसला होता. पासबुक उघडत होतं, पण त्यात जुन्या कंपनीच्या नोंदींपुढे एकही ओळ नव्हती. तो म्हणाला, "साहेब, मला वाटलं वर्षाने एकदम दिसतो."

चलन खरं आहे, हे कसं ओळखायचं?

पीडीएफवर विसंबू नका. चलनावर टीआरआरएन क्रमांक असतो. तो भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या संकेतस्थळावर टाकला की रकमेची स्थिती दिसते. आस्थापना शोधून तिच्या भरण्याचा तपशील उघडला, तर पगाराचा महिना, रक्कम, जमा झाल्याची तारीख आणि कामगारांची संख्या हे सगळं एका ओळीत येतं. त्यातली संख्या पगारपत्रकाशी ताडायची. आमच्या उदाहरणात 48 विरुद्ध 46 हे तिथेच, दोन मिनिटांत दिसलं असतं. चलन तयार झालं म्हणजे पैसे भरले असं होत नाही. काही ठिकाणी फाईलला नुसतं तयार केलेलं चलन लावलेलं मी पाहिलं आहे, बँकेतून रक्कम गेलेलीच नव्हती.

तारखेला इतकं महत्त्व का? पाच दिवस सवलतीचे असतात ना?

पूर्वी असत. 2016 मध्ये ते बंद झाले. आता पगाराच्या पुढच्या महिन्याची 15 तारीख, फंडालाही आणि ईएसआयलाही.

आयकराच्या बाजूने तारखेचा फटका मोठा आहे. 12 ऑक्टोबर 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चेकमेट सर्व्हिसेसच्या प्रकरणात ठरवलं की कामगाराच्या पगारातून कापलेला हिस्सा त्या त्या कायद्याच्या मुदतीत भरला नाही, तर 1961 च्या आयकर कायद्यात त्याची वजावट मिळत नाही. नंतर भरला तरी नाही. मालकाच्या स्वतःच्या हिश्श्याचं वेगळं आहे, तो विवरणपत्राच्या मुदतीआधी भरला तर चालतो. म्हणून 2024-25 च्या कर लेखापरीक्षणात फॉर्म 3सीडीच्या कलम 20(ब) मध्ये दर महिन्याची ठरलेली तारीख आणि प्रत्यक्ष तारीख लिहावी लागते. तिथे चलन तयार केल्याची तारीख लिहू नका, रक्कम जमा झाल्याची लिहा.

या कलमात एक चूक सर्रास होते. तक्ता चलनांवरून भरला जातो. मग कापलेली रक्कम 71,760, भरलेली 71,760, वेळेत भरली, असं दिसतं आणि 3,120 रुपये तिथेही लपतात. "कामगारांकडून मिळालेली रक्कम" हा रकाना पगारपत्रकावरूनच भरला पाहिजे.

कंपनीला कारो 2020, म्हणजे लेखापरीक्षकाने अहवालात काय सांगायचं ते ठरवणारा आदेश, लागू असेल, तर वैधानिक देण्यांच्या कलमात वर्षअखेरीस सहा महिन्यांपेक्षा जास्त काळ थकलेली बिनविवादी रक्कम वेगळी सांगावी लागते. लहान खासगी कंपन्यांना तो आदेश लागू नसतो, पण म्हणून देणं काही माफ होत नाही.

त्या दोन मुलांचं पुढे काय झालं? भुर्दंड किती बसला?

आधार दुरुस्त झाले, यूएएन निघाले आणि सप्टेंबरची पुरवणी यादी करून 20 जानेवारी 2025 रोजी रक्कम भरली. दोघांची मिळून सर्व खात्यांची रक्कम 6,500 रुपये होती. 15 ऑक्टोबरपासून 97 दिवस उशीर झाला. वर्षाला 12 टक्के दराने व्याज 207 रुपये. त्याशिवाय उशिराबद्दल नुकसानभरपाई. ती जून 2024 पासून महिन्याला 1 टक्का झाली आहे, म्हणजे तीही दोनशेच्या आसपास. पुढच्या महिन्यांचा हिशेब असाच वेगळा. आणि कामगारांच्या 3,120 रुपयांची आयकरातली वजावट गेली ती गेलीच.

पैशांत बघितलं तर हे फार नाही, आणि मालकही तेच म्हणाले. मी त्यांना विचारलं, या चार महिन्यांत त्यातल्या एका मुलाचा कामावर येता-जाता अपघात होऊन तो गेला असता तर? फंडाच्या सभासदाला ठेव संलग्न विम्याचं संरक्षण असतं. वारसाला मिळणारी रक्कम सात लाखांपर्यंत जाऊ शकते. ज्या मुलाचा यूएएनच नाही, त्याच्या आईने कोणत्या खात्यावर दावा केला असता? त्यानंतर मालकांनी नियम केला की यूएएन निघेपर्यंत नव्या माणसाला मशीनवर उभं करायचं नाही. रुजू होण्याच्या आठवडाभर आधी आधार मागवतात.

ईएसआयची जुळवणी वेगळी असते का?

पद्धत तीच, पण दोन जागी हमखास चूक सापडते. दर लक्षात ठेवा: कामगाराचा 0.75 टक्के, मालकाचा 3.25 टक्के, मर्यादा महिन्याला 21,000 रुपये.

पहिली चूक मर्यादा ओलांडल्यावर होते. वर्कशॉपमधल्या एका सीएनसी ऑपरेटरचं वेतन एप्रिलमध्ये 20,600 होतं, जुलैत वाढून 21,800 झालं. सॉफ्टवेअरने त्याला जुलैपासून ईएसआयमधून काढून टाकलं. हे चुकीचं आहे. वर्गणीचे सहा-सहा महिन्यांचे दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळाच्या सुरुवातीला जो मर्यादेत होता, तो काळ संपेपर्यंत आत राहतो आणि वर्गणी पूर्ण 21,800 वर भरायची. कामगाराचे महिन्याला 163.50, वरच्या रुपयात 164. मालकाचे सातशेच्या वर. तीन महिन्यांचे दोन्ही हिस्से शेवटी मालकालाच भरावे लागले, कारण त्या महिन्यांच्या पगारातून न कापलेली वर्गणी नंतरच्या पगारातून वसूल करता येत नाही.

हे त्या ऑपरेटरला कुठे नडलं असतं? आजारपणाचा भत्ता मिळायला वर्गणीच्या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचा हक्क ठरतो. एप्रिल, मे, जून या तीनच महिन्यांचे 26-26 दिवस धरले तरी बरोबर 78 होतात. एक खाडा पडला की हक्क गेला.

दुसरी चूक ओव्हरटाईमची. माणूस मर्यादेत आहे की नाही हे ठरवताना ओव्हरटाईम धरायचा नाही, पण वर्गणी काढताना धरायचा. पगार 17,000 आणि ओव्हरटाईम 3,200 असेल, तर वर्गणी 20,200 वर, म्हणजे 152 रुपये. वर्कशॉप 17,000 वर 128 रुपये कापत होतं. उलट 19,800 पगार आणि 2,500 ओव्हरटाईम असलेल्याला "एकवीस हजारांच्या वर गेला" म्हणून वगळणंही चूकच. ओव्हरटाईमचं रजिस्टर वेगळं असतं आणि त्याची रक्कम वेगळ्या व्हाउचरने दिली जाते, म्हणून ती पगारपत्रकात शोधून सापडत नाही. ते व्हाउचर मागून घ्या.

कंत्राटदार दर महिन्याला चलनाची झेरॉक्स देतो. तेवढं पुरे आहे का?

नाही. त्याच्या चलनावर 140 माणसं असतात, तुमच्या गेटवर 12 येतात. ती बारा नावं ईसीआरवर खूण करून द्यायला सांगा आणि गेटच्या हजेरीशी दिवस ताडा. गेटवर 26 दिवस हजर असलेल्या माणसापुढे ईसीआरमध्ये बारा बिनपगारी दिवस लिहिलेले असतील, तर फंड अर्ध्या पगारावर भरला आहे. कंत्राटदाराने भरलं नाही तर ते देणं मूळ मालकावर येतं. म्हणून त्याचं बिल ईसीआरची जुळवणी झाल्यावरच पास करावं.

फंडाचं वेतनच कमी धरलं असेल तर जुळवणीत कळेल का?

या जुळवणीत नाही कळणार, कारण दोन्हीकडे तोच कमी आकडा असेल. त्यासाठी एकूण वेतन आणि फंडाचं वेतन यांतली दरी बघावी लागते. एकूण 18,000 आणि फंडाचं 7,000 असेल, तर मधले भत्ते कोणते ते विचारा. सर्वांना सरसकट मिळणारे भत्ते फंडाच्या वेतनात येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने 28 फेब्रुवारी 2019 च्या निकालात स्पष्ट केलं आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून श्रमसंहितांमधली वेतनाची नवी व्याख्या आली. तिच्यात वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग वेतनात मिळवायचा असतो. त्यामुळे त्या तारखेच्या आधीचे आणि नंतरचे महिने एकाच तक्त्यात तपासू नका.

तपासणीसाठी कागद कोणते मागवायचे?

मस्टर, बाराही पगारपत्रकं, ओव्हरटाईम आणि फरकाची व्हाउचर्स, ईसीआरच्या मूळ फाईली आणि छापील प्रती, ईएसआयच्या मासिक याद्या, बँकेचं स्टेटमेंट, नव्या माणसांचे फॉर्म 11 आणि सोडून गेलेल्यांची यादी तारखांसह. पगारपत्रक सॉफ्टवेअरमधून तुमच्यासमोर काढायला सांगा. आधी छापून ठेवलेलं पगारपत्रक बऱ्याचदा ईसीआरशी जुळवून घेतलेलं असतं.